पुरळ दिसायच्या आधीचे चार दिवस

पत्र: आमची शाळा इंदूरची, पहिली ते आठवी. गेल्या वर्षी ऐन परीक्षेत तिसरीच्या एका वर्गात कांजिण्या अशा पसरल्या की निम्मे बाक रिकामे होते. यंदा मुख्याध्यापकांनी मला स्टाफ मीटिंगमध्ये गोवर आणि कांजिण्यांवर १५ मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी मराठी आणि समाजशास्त्र शिकवते, वैद्यकातलं मला काही कळत नाही. शिक्षकांनी नेमकं काय पाहायचं, वर्गात काय करायचं, आणि घरी ‘माता’ आली आहे म्हणून पालक काही सांगतच नाहीत तेव्हा काय करायचं? – एक शिक्षिका, इंदूर

ताई,

तुमच्या १५ मिनिटांपैकी निम्मा वेळ मी एकाच गोष्टीला देईन. अंगावर पुरळ दिसलं की आजार सुरू झाला, असं आपण सगळेच धरून चालतो. गोवराच्या बाबतीत ते खरं नाही. गोवर झालेलं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून इतरांना आजार देत असतं आणि पुरळ उठल्यावरही आणखी चार दिवस देत राहतं. म्हणजे वर्गात कोणी ‘मॅडम, याच्या तोंडावर लाल डाग आलेत’ असं म्हणेपर्यंत पसरण्याचं निम्मं काम उरकलेलं असतं. म्हणून सहकाऱ्यांना पुरळाचे फोटो दाखवायच्या आधी त्या चार दिवसांत मूल कसं दिसतं ते सांगा.

पुरळाच्या साधारण दोन ते चार दिवस आधी मुलाला ताप येतो आणि तो रोज चढत जातो. जोडीला कोरडा खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. उजेडाकडे बघायला नको वाटतं, मूल खिडकीकडे पाठ करून बसतं. तुम्ही म्हणाल, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या अर्ध्या वर्गाला सर्दी असते. बरोबर. पण साध्या सर्दीत मूल नाक पुसत पुसत मधल्या सुट्टीत धावत असतं आणि डोळे सहसा साफ असतात. गोवराच्या आधीचं मूल मलूल दिसतं, बाकावर डोकं टेकून पडतं, डबा तसाच परत नेतं. ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे एकत्र दिसले तर त्या मुलाला त्याच तासाला घरी पाठवायचं. गोवरच आहे हे ठरवणं शिक्षकाचं काम नाही. शंका घेऊन त्याच दिवशी फोन करणं एवढंच काम आहे.

याच दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, बारीक पांढुरके ठिपके येतात. डॉक्टर ते शोधतात. शिक्षकांनी मुलांची तोंडं उघडून बघायला जाऊ नये, श्वासाच्या इतक्या जवळ जाण्यात कोणाचंच भलं नाही.

मग पुरळ येतं, आणि त्याचा रस्ता ठरलेला असतो. आधी कानामागे आणि केसांच्या कडेने कपाळावर, मग सगळ्या चेहऱ्यावर, तिथून मान, छाती, पोट आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पाय. डाग चपटे किंवा किंचित उठलेले असतात, एकमेकांत मिसळून चट्टे होतात आणि त्यांत पाणी नसतं. सावळ्या रंगाच्या मुलांमध्ये ते लाल दिसतीलच असं नाही. कातडी काळसर, खरबरीत वाटते, म्हणून फोटोतल्या गोऱ्या मुलांच्या लाल डागांवर विसंबू नका, जागा आणि क्रम बघा. पुरळ उठताना ताप उतरत नाही, उलट त्याच दिवशी सर्वांत जास्त असतो. हे पालकांनाही माहीत हवं, कारण ‘माता बाहेर पडली, आता ताप उतरेल’ असं म्हणून घरचे नेमके त्या दिवशी निश्चिंत होतात.

कांजिण्यांचं वागणं वेगळं. तिथे ताप बहुधा हलका असतो, कधी नसतोच, आणि पहिली खूण अंगावरच दिसते. पोटावर, पाठीवर, चेहऱ्यावर किंवा डोक्यात केसांच्या आत एखादा लाल ठिपका येतो, काही तासांत तो उठतो आणि त्यावर दवाच्या थेंबासारखा पाण्याचा फोड येतो. फोडाला खाज असते. दोन-चार दिवस नवे फोड येतच राहतात, त्यामुळे शेजारीशेजारीच ताजा ठिपका, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली असं सगळं एका वेळी दिसतं. दोन्ही आजार वेगळे ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण आहे: गोवराचे डाग एका भागात एकाच वयाचे असतात, कांजिण्यांचे निरनिराळ्या वयाचे. कांजिण्या पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात, म्हणजे बहुतेक मुलांत पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस. ज्याने कांजिण्यांची लस घेतली आहे त्यालाही कधी कधी त्या होतात, पण फोड मोजके येतात आणि त्यांत पाणी भरेलच असं नाही. असं मूल ‘डास चावलेत’ म्हणून वर्गात बसून राहतं.

इंदूरच्या शिक्षकांना एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. या दोन्ही आजारांचा जोर हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतो, आणि त्याच सुमारास आपल्याकडे रंगपंचमी येते. गेरमध्ये भिजून आलेल्या मुलांच्या तोंडावर, मानेवर, हातांवर दुसऱ्या दिवशी लाली असतेच. जिथे रंग लागला तिथेच पुरळ, खाज किंवा आग होते, ताप नाही आणि मूल हसतंखेळतं आहे, तर तो बहुधा रंगाचाच त्रास. पण ‘रंगामुळे असेल’ म्हणून तापलेल्या मुलाला बसू देऊ नका. एकदा कपाळाला हात लावून बघा किंवा ऑफिसमधला थर्मामीटर वापरा. घामोळ्यांनाही ताप नसतो. तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आत फोड असतील तर तो बहुधा तिसराच आजार असतो, पण त्या मुलालाही घरीच पाठवायचं आहे.

आता मीटिंगमध्ये फळ्यावर मार्चचं कॅलेंडर काढा आणि हे उदाहरण तारखा लिहून करून दाखवा. मला वाटतं, तुमच्या बोलण्यातला हाच भाग सहकाऱ्यांच्या लक्षात राहील.

समजा, तिसरीतल्या एका मुलाच्या कपाळावर गुरुवारी १२ तारखेला सकाळी घरी पुरळ दिसलं. चार दिवस मागे मोजा: रविवार ८ तारीख. चार दिवस पुढे मोजा: सोमवार १६. या काळात तो इतरांना गोवर देऊ शकतो आणि मंगळवारी १७ तारखेच्या आधी तो शाळेत यायला नको. आता हजेरीपट उघडा. सोमवारी ९ तारखेला तो आला होता, सर्दी-खोकला होता. मंगळवारी १० तारखेलाही आला, दुपारी डोकं टेकून बसला होता, पण गणिताची उजळणी होती म्हणून थांबला. बुधवारी गैरहजर. म्हणजे सोमवार आणि मंगळवार हे आपले धोक्याचे दिवस. त्या दिवसांत तो कोणाबरोबर होता याची यादी करायची: आपला वर्ग, व्हॅनमधली मुलं, संध्याकाळची ट्यूशन, घरची भावंडं. व्हॅन बहुतेक जण विसरतात. बंद काचांची, खचाखच भरलेली, अर्धा-पाऊण तास चालणारी व्हॅन ही वर्गापेक्षा वाईट जागा आहे आणि तिथे निरनिराळ्या इयत्तांची मुलं एकत्र बसतात.

ज्याला गोवराची लस मिळालेली नाही त्याला संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत ती दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. आता फळ्यावर मोजा. सोमवारी सकाळी नऊपासूनचे ७२ तास गुरुवारी सकाळी नऊला भरतात. पुरळ दिसलं तेही गुरुवारीच. म्हणजे पुरळाची वाट पाहिली तर लसीची ही संधी हातातून जवळजवळ गेलेली असते. तेच, सोमवारी दुपारी शिक्षिकेने लाल डोळे आणि ताप पाहून मुलाला घरी पाठवलं असतं तर मंगळवारचा सगळा संपर्क टळला असता. बुधवारी गैरहजर दिसताच घरी फोन करून ‘ताप किती दिवस आहे, डोळे लाल आहेत का’ एवढं विचारलं असतं तरी वर्गातल्या मुलांची लसीकरणाची कार्डं मागायला एक दिवस मिळाला असता. गुरुवार उजाडला तरी लस वाया जात नाही. ज्यांना या मुलाकडून लागण झालेली नाही त्यांना ती पुढच्या फेरीपासून वाचवते.

पुढची फेरी कधी येते, तेही मोजता येतं. संपर्कापासून ताप यायला साधारण १० ते १२ दिवस लागतात आणि पुरळाला सरासरी १४. सोमवार-मंगळवार ९-१० तारखेचा संपर्क धरला तर तापाची मुलं १९ ते २२ तारखेला दिसू लागतील, पुरळ २३-२४ च्या आसपास. आडव्या लाल रेघेने १९ ते २४ हे दिवस फळ्यावर अधोरेखित करा. या दिवसांत वर्गशिक्षिकेने सकाळी हजेरी घेताना प्रत्येक मुलाकडे नीट पाहायचं आणि ज्याला ताप आणि सर्दी आहे त्याला चर्चा न करता घरी पाठवायचं. काहींना उशिरा लागतो, म्हणून लक्ष २१ दिवसांपर्यंत, म्हणजे ३१ तारखेपर्यंत ठेवायचं.

हाच हिशोब कांजिण्यांसाठी करायचा तर १२ तारखेला फोड आलेलं मूल १० आणि ११ तारखेला आजार देत होतं. नवी मुलं १० ते २१ दिवसांत, बहुतेक १४ ते १६ दिवसांत, म्हणजे २४ ते २७ तारखेच्या सुमारास दिसतात. त्यांच्याकडून पुढची तुकडी पुन्हा दोन आठवड्यांनी. गेल्या वर्षी परीक्षेत तुमचा निम्मा वर्ग एकदम आजारी पडला, तो बहुधा अशा दुसऱ्या फेरीत. पहिलं मूल दोन आठवडे आधी येऊन गेलेलं असणार.

लसींच्या बाबतीत दोन्ही आजारांत मोठा फरक आहे. गोवर-रुबेलाची लस सरकारी वेळापत्रकात आहे, मोफत मिळते: पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दोन्ही डोस घेतलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ९७ सुरक्षित राहतात. ज्याला लस नाही आणि आजारही झालेला नाही, अशी १० मुलं गोवराच्या रुग्णाजवळ आली तर ९ आजारी पडतात. कांजिण्यांची लस मात्र सरकारी वेळापत्रकात नाही, ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ती घेतलेली नसेल, हे धरूनच चाला. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाच्या कार्डाची प्रतही फाईलला लावायची पद्धत शाळेने पाडली, तर १२ तारखेसारख्या सकाळी दोन तासांत कळतं की कोणाला डोस नाही. वर्गात असं मूल सापडलं की पालकांना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा संजीवनी क्लिनिकमध्ये पाठवा. वय जास्त असेल तर डोस कसा द्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

शाळेत मुलाला ताप आढळला आणि घरून कोणी येईपर्यंत तासभर लागणार असेल तर त्याला स्टाफरूममध्ये किंवा ऑफिसच्या बाकावर बसवू नका, तिथे सगळी शाळा येते-जाते. खिडक्या उघडतील अशी रिकामी खोली, नाहीतर व्हरांड्याची सावलीतली बाजू. मास्क लावा, सोबतीला असा शिक्षक ठेवा ज्याला लहानपणी हे आजार होऊन गेले आहेत किंवा लस मिळाली आहे. गोवराचा विषाणू मूल उठून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, म्हणून खोली तेवढा वेळ खिडक्या उघड्या ठेवून रिकामी ठेवायची. याच कारणाने एक तडजोड मला कळकळीने नाकारायची आहे. परीक्षेत पालक विनवण्या करतात आणि शाळा म्हणते, ‘ठीक आहे, वेगळ्या खोलीत बसवून पेपर घेऊ.’ गोवराच्या मुलाला वेगळी खोली पुरत नाही, कारण तो फाटकापासून खोलीपर्यंत जातो, जिन्यात खोकतो आणि पर्यवेक्षकही त्या खोलीतून पुढच्या वर्गात जातो. पेपर नंतर घ्या. मुख्याध्यापकांनी हे परीक्षेच्या आधीच पालकांना लेखी कळवलं की आजारी मुलाचा पेपर बुडणार नाही, तर ताप लपवण्याचं मोठं कारणच संपतं.

धूर करणं, भिंतींवर औषध फवारणं याने फारसं काही साधत नाही. गोवराचा विषाणू बाहेर फार तास टिकत नाही. कांजिण्यांत फोडातलं पाणी लागलेला टॉवेल, पाण्याचा पेला सामायिक नको आणि बाक नेहमीच्या साबणपाण्याने पुसा, एवढं पुरे. सगळी शाळा बंद करण्याचाही मोह होतो, पण मुलं त्याच ट्यूशनमध्ये, त्याच मैदानावर भेटतात आणि शाळेची नजर मात्र त्यांच्यावरून उठते. बंद करायची वेळ आलीच तर तो निर्णय आरोग्य विभागाशी बोलून घ्यावा.

मुलाला ताप आणि चपटं पुरळ असं एक जरी प्रकरण असलं तरी त्याच दिवशी वॉर्डातल्या आशाताईंना, एएनएमना किंवा संजीवनी क्लिनिकला कळवा. गोवराची शंका असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद सरकारला हवी असते आणि रक्त व घशाचा नमुना घेऊन मोफत तपासणी होते. शाळेचं नाव खराब होईल म्हणून गप्प राहणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या गप्प राहण्याचा भार शेवटी एखाद्या तान्ह्या बाळावर पडतो. कारण वर्गातल्या मुलापेक्षा मला त्याच्या घरच्या सात महिन्यांच्या भावाची काळजी जास्त वाटते, ज्याची पहिली लस अजून व्हायचीच आहे. पालकांच्या चिठ्ठीत ‘घरी ९ महिन्यांखालचं बाळ असेल तर डॉक्टरांना दाखवा’ ही ओळ नक्की घाला.

स्टाफरूममध्येही एक यादी हवी. गर्भवती शिक्षिकेला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाचा धोका असतो आणि पहिल्या काही महिन्यांत बाळालाही इजा होऊ शकते. गरोदरपणात ही लस देता येत नाही. म्हणून वर्गात कांजिण्या निघाल्या की ज्या गर्भवती शिक्षिकेला लहानपणी त्या झाल्याचं आठवत नाही तिने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करावा. रक्त तपासून गरज असेल तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, मात्र जितकं लवकर तितकं बरं. गोवराच्या संपर्काबद्दलही तिने असंच तातडीने विचारावं. कॅन्सरचे उपचार चालू असलेलं किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणारं मूल शाळेत असेल तर त्याच्या पालकांनाही पहिला फोन जायला हवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आपल्या माळव्यात घरी माता आली म्हणतात तेव्हा त्या घरात भक्ती आणि भीती दोन्ही असतात. चैत्रात बासोड्याला शीतलामातेला थंड नैवेद्य दाखवणाऱ्या आजीला तुम्ही फोनवर विषाणू समजावत बसू नका. तिच्या रिवाजांतल्या काही गोष्टी आपल्या कामाच्याच आहेत: मुलाला घरात वेगळं ठेवणं, बाहेर न जाऊ देणं. त्याबद्दल मान ठेवूनच बोला. ‘मातेचं जे करता ते करा, पण सोबत डॉक्टरांनाही दाखवा’ हे वाक्य मी आईबापांशी नेहमी बोलतो आणि ते सहसा मानलं जातं. आंघोळ घालायला हरकत नाही, कोमट पाणी चांगलं, कडुलिंबाचा पाला टाकला तरी चालेल, नखं मात्र कापलेली हवीत. खाणंपिणं तोडू नये. कांजिण्यांच्या तापाला डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन कधीच नाही आणि आयबुप्रोफेनही टाळायचं. गोवर असेल तर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन ए मागायला सांगा. वर्षावरच्या मुलांना दोन लाख युनिटांचा एक डोस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, तेही डॉक्टरांच्याच हातून. याने डोळे वाचतात आणि जीवाचा धोका कमी होतो.

फोनवर मात्र ‘माता आहे का’ असं विचारून थांबू नका, कारण दोन्ही आजारांना घरोघरी हाच शब्द वापरतात. विचारा: डागांच्या आधी किती दिवस ताप होता? पहिला डाग कुठे दिसला, कपाळावर की पोटावर? डागात पाणी आहे का? खाज आहे का? डोळे लाल आहेत, खोकला आहे? या उत्तरांवरून तुम्हाला अंदाज येईल की तारखा गोवराच्या मोजायच्या की कांजिण्यांच्या. आणि श्वास जोरात चालला आहे, मूल पाणी पीत नाही, गुंगीत आहे किंवा झटका आला असं कोणी म्हणालं तर प्रश्न तिथेच थांबवून ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगा. गोवरात न्यूमोनियाने मुलं दगावतात, आणि तो पुरळ मावळत असतानाही होऊ शकतो. कांजिण्यांत फोडाभोवती कातडी लाल, गरम, दुखरी झाली तरी थांबू नये.

परत येण्याचा नियम दारावर लावून ठेवा: गोवराचं मूल पुरळ उठल्याचा दिवस सोडून पाचव्या दिवसापासून, ताप नसेल आणि तब्येत ठीक असेल तरच. कांजिण्यांचं मूल शेवटच्या फोडावर कोरडी खपली धरल्यावर, मग खपल्या अंगावर असल्या तरी चालेल, त्यांनी कोणाला आजार होत नाही. एवढ्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा म्हणून कोणाला परत धाडू नका, वर्गशिक्षिकेने डोक्यातले फोडही केस बाजूला करून एकदा पाहून घ्यावेत.